‘अत्तदीपा विहरथ’ : दिवा की बेट? वर्गासाठी एक संवाद

प्रश्न : मी सांगलीत पदवीच्या मुलांना पाली शिकवते. महापरिनिब्बान सुत्तातल्या ‘अत्तदीपा विहरथ’चं भाषांतर कुणी ‘स्वतःच दिवा व्हा’ असं करतं, कुणी ‘स्वतःच बेट व्हा’ असं. या शब्दावर मतभेद असलेल्या दोन अभ्यासकांचा संवाद लिहून पाठ घ्यावा असं मनात आहे. तो कसा रचावा? नमुना दिलात तर फार बरं होईल.

उत्तर :

सगळ्यात आधी, या ओळीची संस्कृत छाया मुलांच्या हातात देऊ नका. पाली शिकवताना आपल्याला छायेची सवय असते. ‘भिक्खु’खाली ‘भिक्षु’ लिहिलं, ‘धम्म’खाली ‘धर्म’ लिहिलं की मुलांना ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं. पण ‘अत्तदीपा’खाली ‘आत्मदीपाः’ लिहिलंत की वाद तिथेच मिटला, आणि ‘आत्मद्वीपाः’ लिहिलंत तरी मिटलाच. छाया देणाऱ्याने निवड करून टाकलेली असते आणि निवड झाली हे मुलांना कळतही नाही. मी साताऱ्यात शिकवायला लागलो तेव्हा काही वर्षं हीच चूक करत होतो. फळ्यावर ‘आत्मदीपाः’ लिहायचो आणि मग मोठ्या उत्साहाने विचारायचो, ‘आता सांगा, दिवा की बेट?’ सगळा वर्ग ‘दिवा’ म्हणायचा. म्हणणारच की, मीच तो फळ्यावर लावून ठेवला होता.

अडचण उच्चाराची आहे. संस्कृतात ‘दीप’ आणि ‘द्वीप’ हे दोन वेगळे शब्द. पालीत येताना ‘द्वीप’मधला ‘व’ गळला आणि दोन्ही ‘दीप’ झाले. मुलांना ‘जम्बुदीप’ दाखवा, संस्कृतातला ‘जम्बुद्वीप’ तो हाच. लंकेच्या जुन्या इतिहासग्रंथाचं नाव ‘दीपवंस’, तिथेही दीप म्हणजे बेट. म्हणजे नुसत्या अक्षरांवरून निकाल लागत नाही. एवढं समजायला वर्गातली दहा मिनिटं पुरतात.

मग प्रसंग सांगा, आणि तो घाईने सांगू नका. वैशालीजवळच्या बेळुव गावी बुद्धांचा शेवटचा वर्षावास चालू आहे. वय ऐंशी. मोठं आजारपण येऊन गेलेलं. आनंद म्हणतो, भिक्खुसंघासाठी काही सांगितल्याशिवाय भगवान जाणार नाहीत, या विचाराने मला थोडा धीर आला. बुद्ध म्हणतात, मी आतलं-बाहेरचं असा भेद न करता धम्म सांगितला आहे, माझ्याजवळ ‘आचरियमुट्ठि’ नाही, म्हणजे मूठ झाकून शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवावं असं गुरूचं काही गुपित नाही. आपलं शरीर दोऱ्या-पट्ट्या बांधून कसंबसं चालवलेल्या जुन्या गाड्यासारखं झालंय, असंही ते म्हणतात. त्यानंतर ही ओळ येते : ‘तस्मातिहानन्द, अत्तदीपा विहरथ अत्तसरणा अनञ्ञसरणा, धम्मदीपा धम्मसरणा अनञ्ञसरणा.’ ‘अत्तदीपा’ हा बहुव्रीहि समास आहे, ‘अत्त हाच ज्यांचा दीप आहे असे’. ‘अत्त’ इथे ‘स्वतः’ एवढ्याच अर्थाने आलाय. त्यात आत्मतत्त्व शोधायला गेलात तर तास भलतीकडे जाईल.

आता पात्रं. माझ्या संवादात दोघे आहेत. एक ‘सर’, वाईकडचे निवृत्त संस्कृत शिक्षक. दुसऱ्या ‘ताई’, सांगलीत वाढलेल्या, बौद्ध घरातल्या, पालीवर संशोधन करणाऱ्या. त्यांच्या वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवर लहानपणापासून ‘अत्त दीप भव’ लिहिलेलं. मी मुद्दाम सरांना दिव्याच्या बाजूने आणि ताईंना बेटाच्या बाजूने उभं केलंय. उलट केलं तर मुलं पहिल्याच मिनिटाला माणूस आणि मत यांची गाठ मारतात : ‘त्या बौद्ध, म्हणून त्यांना दिवा हवा. ते संस्कृतवाले, म्हणून ते खोडून काढतात.’ अशी गाठ बसली की पुरावा कुणी ऐकत नाही.

दुसरी काळजी अशी की दोघांच्याही तोंडी एकेक कच्चा मुद्दा द्या आणि तो समोरच्याकडून मोडू द्या. संवादात सगळेच मुद्दे पक्के असले तर मुलं ते पाठ करतात. एखादा मुद्दा डोळ्यांसमोर मोडला की मग पुढचा ती स्वतः तपासू लागतात. सुरुवात ताईंच्या कच्च्या मुद्द्याने करतो.

ताई : सर, मला क्रियापदच पुरेसं वाटतं. ‘विहरथ’ म्हणजे राहा, वावरा. माणूस बेटावर राहतो, दिव्यात कोण राहतं?

सर : बघा ताई, ‘उपेक्खको विहरति’ असंही सुत्तात येतं. उपेक्षा ही काय राहायची जागा आहे? ‘विहरति’ कुठल्याही अवस्थेला चालतं. अमुक होऊन असणं, एवढाच अर्थ. या क्रियापदाने तुमचंही सिद्ध होत नाही आणि माझंही.

ताई : मान्य. पण निदान ‘भव’ तरी मूळ ओळीत नाही, हे तुम्हीही मान्य कराल. आमच्या विहाराच्या भिंतीवर आहे ते एकवचन, एकाला उद्देशून. सुत्तात ‘विहरथ’ आहे, अनेकांना.

सर : ते मान्यच आहे. सांगताहेत आनंदाला, पण म्हणताहेत सगळ्या संघाला.

इथे थांबा आणि मुलांना वहीत एक ओळ लिहायला लावा : ‘अत्त दीप भव’ हे शब्द या रूपात सुत्तात नाहीत. काही मुलांना ते ऐकून वाईट वाटेल. त्यांना वेळ द्या, तो विषय मी शेवटाकडे पुन्हा घेतो. पुढचा भाग साक्षीदारांचा. अनुवादाच्या वादात सगळे पहिल्यांदा इथेच धावतात : अट्ठकथा, म्हणजे पालीतली जुनी टीका, काय म्हणते, संस्कृत प्रत काय म्हणते, चिनी काय म्हणते.

ताई : अट्ठकथाकार बुद्धघोषांचं बघू. पाचव्या शतकातले. ते लिहितात, ‘महासमुद्दगतदीपं विय अत्तानं दीपं पतिट्ठं कत्वा विहरथ.’ महासागरातल्या दीपासारखं स्वतःला दीप, म्हणजे पाय रोवायची जागा, करून राहा. समुद्रातला दीप म्हणजे बेटच की.

सर : बुद्धघोष लिहीत होते लंकेत. चहूकडे समुद्र. तिथे बसलेल्या माणसाला बेट आठवणारच.

ताई : मग तुर्फानकडे चला. मध्य आशियातलं वाळवंट. तिथून मिळालेल्या संस्कृत हस्तलिखितांवरून वाल्डश्मिट यांनी 1950–51 मध्ये महापरिनिर्वाणसूत्र छापलं. त्यात ‘आत्मद्वीपैर्विहर्तव्यम् आत्मशरणैः’ असं आहे. ‘द्व’ स्पष्ट आहे. तिथे कुठला समुद्र आठवणार होता?

सर : (थोडं थांबून) हा मुद्दा चांगला आहे. माझा लंकेचा मुद्दा मी मागे घेतो. पण ताई, ते संस्कृत सूत्र काय आहे याचाही विचार करा. ही शिकवण आधी प्राकृतात तोंडोतोंडी चालत आली, मग केव्हातरी कुणीतरी ती संस्कृतात बसवली. बसवताना त्या माणसासमोरही ‘दीप’सारखाच दोन अर्थांचा शब्द असणार. त्याने ‘द्वीप’ निवडला. म्हणजे तीही एक छायाच झाली, फार जुनी छाया.

ताई : आणि त्याची निवड खोटी ठरवायला तुमच्याकडे काय आहे?

सर : दुसऱ्याची निवड. दीर्घागम, म्हणजे बुद्धांच्या लांब सूत्रांचा संग्रह, त्याचा चिनी अनुवाद इ.स. 413 मध्ये पुरा झाला. बुद्धयशस आणि चू फो-न्येन यांनी केला. त्यात या जागी ‘स्वतः प्रज्वलित व्हा’ अशा अर्थाचे शब्द आहेत. म्हणजे त्यांनी दिवा वाचला.

ताई : पण संयुक्तागम या दुसऱ्या सूत्रसंग्रहाच्या चिनी अनुवादात, गुणभद्रांच्या, हेच वाक्य येतं तिथे बेटाचा शब्द आहे. तोही पाचव्याच शतकातला.

सर : म्हणजे काय झालं? तुमचे तीन साक्षीदार, माझा एक, आणि त्यातले माझा आणि तुमचा शेवटचा एकाच देशात, एकाच शतकात एकमेकांविरुद्ध बोलताहेत. डोकी मोजून निकाल लावायचा का?

हा भाग मला या पाठात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याला पूर्ण तास द्या. मुलांची समजूत असते की जुना अनुवाद म्हणजे मुळाच्या जवळचा पुरावा. जवळचा असतो, पण तोही कुणीतरी केलेला निर्णयच असतो. आज आपल्याला जी अडचण आहे तीच दीड हजार वर्षांपूर्वी त्यांनाही होती, आणि त्यांनीही एक बाजू धरली. एका वर्षी मी वर्गात ‘चिनी परंपरेत बेट आहे’ असं ठामपणे सांगून मोकळा झालो होतो. मला फक्त संयुक्तागमाचं माहीत होतं. पुढच्या आठवड्यात एक विद्यार्थिनी दीर्घागमाचं इंग्रजी भाषांतर घेऊन आली आणि तिने ती ओळ माझ्यापुढे ठेवली. तेव्हापासून ‘अमुक परंपरेत असं आहे’ हे वाक्य मी वापरत नाही. ‘अमुक ग्रंथाच्या अमुक अनुवादात असं आहे’ एवढंच म्हणतो. मुलांनाही तीच सवय लावा.

अर्थात साक्षीदारांवरून निकाल लागला नाही म्हणून दोन्ही अर्थ सारखेच, असं होत नाही. इथून संवाद आत वळवा. खुद्द पाली निकायांत, म्हणजे सुत्तांच्या संग्रहांत, जिथे संदर्भामुळे शंकाच उरत नाही अशा जागी, ‘दीप’ कसा वापरलाय?

ताई : धम्मपदातली पंचविसावी गाथा घ्या. ‘उट्ठानेनप्पमादेन संयमेन दमेन च, दीपं कयिराथ मेधावी यं ओघो नाभिकीरति.’ उद्योग, सावधपणा, संयम आणि दमन यांनी शहाण्याने असा दीप करावा, की ज्याच्यावरून ओघ जाणार नाही. ओघ म्हणजे पूर. पुराने बुडत नाही ते बेट. दिव्याचा आणि पुराचा काय संबंध?

सर : या गाथेत बेटच आहे, त्यावर वाद घालणार नाही.

ताई : आता सुत्तनिपातातला कप्प माणवाचा प्रश्न. ‘मज्झे सरस्मिं तिट्ठतं, ओघे जाते महब्भये, जरामच्चुपरेतानं दीपं पब्रूहि मारिस.’ पाण्याच्या मधोमध उभे आहेत, भयानक पूर आलाय, म्हातारपण आणि मरण यांनी घेरलंय, अशांना दीप सांगा. आणि उत्तर येतं, काहीही आपलं न म्हणणं, काहीही धरून न ठेवणं, हाच तो दीप, याला मी निब्बान म्हणतो.

सर : आणि दिव्याला?

ताई : दिव्याला बहुतेक जागी ‘पदीप’ नाहीतर ‘पज्जोत’. धम्मपदातच, 146वी गाथा : ‘अन्धकारेन ओनद्धा पदीपं न गवेसथ.’ अंधाराने वेढले गेलात, तरी दिवा शोधत नाही. रतनसुत्तातही विझणारा दिवा ‘पदीप’च आहे. अंधार आला की पदीप, पूर आला की दीप.

सर : ही फोड मला पटते. तरी एक विचारतो. धम्मचक्कप्पवत्तन सुत्तात ‘चक्खुं उदपादि, ञाणं उदपादि, पञ्ञा उदपादि, विज्जा उदपादि, आलोको उदपादि’ म्हटलंय. ज्ञानाला उजेड म्हणणं बुद्धवचनाला परकं नाही. आणि त्याच्या आधीपासून बृहदारण्यकात जनक विचारतो, सूर्य मावळला, चंद्र मावळला, अग्नी विझला, वाणी थांबली, मग माणसाला ज्योत कोणती? याज्ञवल्क्य म्हणतात, ‘आत्मैवास्य ज्योतिर्भवति.’ हे ज्यांच्या कानावर होतं, त्यांना ‘अत्तदीप’ ऐकताना दिवा दिसला नसेल?

ताई : दिसला असेल. पण बृहदारण्यकातला आत्मा आणि इथला ‘अत्त’ एक नव्हे. इथे लगेच पुढे बुद्ध स्वतःच सांगतात, अत्तदीप होऊन कसं राहायचं : शरीर, वेदना, चित्त, धम्म यांच्याकडे सावधपणे पाहत. चार सतिपट्ठान. त्या सगळ्या खुलाशात उजेडाचा एक शब्द नाही. आणि ‘आलोक’ म्हणायचं असेल तिथे ते ‘आलोक’ म्हणतात, तुम्हीच आता दाखवलंत.

सरांचा उपनिषदाचा मुद्दा हा त्यांच्या बाजूचा कच्चा मुद्दा. पण तो एका वाक्यात उडवू नका. एखादी कल्पना त्या काळात हवेत असणं आणि या शब्दात ती असणं, यात फरक आहे, एवढंच मुलांच्या लक्षात यायला हवं.

या जागी वर्गात आणखी एक पुरावा ठेवता येतो. जैनांच्या उत्तराध्ययन सूत्राच्या तेविसाव्या अध्ययनात केशी आणि गौतम यांचा संवाद आहे. हा गौतम महावीरांचा शिष्य, आपल्या बुद्धांशी त्याची गल्लत होऊ देऊ नका. केशी विचारतो, महापुराच्या वेगात वाहून जाणाऱ्या जिवांना शरण, गती, प्रतिष्ठा आणि ‘दीव’ कोणता? उत्तर येतं, ‘धम्मो दीवो पइट्ठा य गई सरणमुत्तमं.’ अर्धमागधीतही ‘दीव’ दोन अर्थांचाच, पण पूर शेजारीच असल्याने इथे तो बेटच आहे. आणि शब्दांची संगत पाहा : दीव, सरण, पइट्ठा. बुद्धघोषांनी दीपाचा अर्थ सांगताना वापरलेला ‘पतिट्ठं’ तो हाच. बौद्ध निकायांत निब्बानाची जी नावं येतात त्यांतही दीप, लेण, ताण, सरण असे शब्द एका ओळीत बसतात. ‘लेण’ म्हणजे आसऱ्याची जागा, आपण कराडजवळच्या आगाशिवच्या लेण्यांना लेणी म्हणतो तो शब्द याच कुळातला. दीप या शब्दाचे शेजारी कोण आहेत हे असं दाखवलंत की मुलांना ते लगेच पटतं. सांगलीच्या वर्गात जैन मुलं असतील, त्यांनाच हे अध्ययन वाचायला सांगा. मात्र हा श्वेतांबरांचा आगम आहे आणि आपल्याकडचे बहुतेक जैन दिगंबर, त्यामुळे ‘तुमच्या ग्रंथात आहे’ असं म्हणू नका.

इथे पाठ संपवावा असा मोह होतो, कारण बेट जिंकलेलं दिसतं. पण पालीत अर्थ ठरणं हे अर्धं काम. तो मराठीत आणायचा आहे, आणि सांगलीत तर ही अडचण फारच जिवंत आहे. पुढचा भाग मी आयर्विन पुलावर घडवतो.

सर : समजा, दीप म्हणजे बेट. मराठीत काय लिहिणार?

ताई : ‘स्वतःच बेट व्हा.’

सर : ताई, आपण आत्ता कृष्णेवर उभे आहोत. या पुलाशी 45 फूट पाणी आलं की धोक्याची पातळी. 2019 मध्ये ते 57 फुटांच्याही वर गेलं. तेव्हा पेपरात काय छापून येत होतं? ‘गावाला बेटाचं स्वरूप.’ म्हणजे काय? वाटा बंद, वीज नाही, बोट येईल तेव्हा येईल. सांगलीच्या माणसाला ‘बेट झालं’ म्हणजे ‘अडकलो’. तुम्ही त्याला सांगणार, स्वतःचं बेट करा?

ताई : (बराच वेळ गप्प) आमची आजी तेव्हा दुसऱ्याच्या माडीवर चार दिवस होती. ती ‘बेट’ म्हणाली नव्हती. म्हणाली होती, ‘थारा मिळाला.’

सर : मग तोच शब्द घ्या. ‘स्वतःच स्वतःचा थारा होऊन राहा.’

ताई : घेतला असता. पण पुढे लगेच ‘अत्तसरणा’ आहे. सरणाला मी ‘आसरा’ म्हणणार. थारा आणि आसरा, दोन्ही शब्द एकाच अर्थाचे झाले, आणि पाण्याचं चित्र गेलं. कप्पाच्या प्रश्नातला पूर गेला, धम्मपदातला ओघ गेला. मुळात एक चित्र आणि त्याच्या जोडीला एक साधा शब्द अशी रचना आहे. माझ्या मराठीत नुसते दोन साधे शब्द उरतात.

सर : ‘द्वीप’ ठेवा.

ताई : भूगोलाच्या पुस्तकातला वाटतो. आणि ‘आत्मद्वीप’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला ‘आत्मदीप’च ऐकू येणार. आपण पुन्हा पाचव्या शतकात.

सर : मग ‘दीप’ तसाच ठेवायचा? अनुवाद न करता?

ताई : पालीत ‘दीप’ दोन अर्थांचा आहे, मराठीत एकाच. मराठीत ‘दीप’ तसाच ठेवणं म्हणजे गुपचूप दिवा निवडणं. तसं करण्यापेक्षा ‘दिवा’ लिहावं, निदान वाचणाऱ्याला कळेल की मी निवड केली.

ताईंचं हे शेवटचं वाक्य मुलांकडून दोनदा वाचून घ्या. मूळ शब्द तसाच ठेवला म्हणजे आपण तटस्थ राहिलो, असं नव्या अनुवादकाला हमखास वाटतं. तो शब्द ज्या भाषेत जातो तिथला अर्थ आपोआप त्याला चिकटतो. 1881 मध्ये ऱ्हिस डेव्हिड्स यांनी इंग्रजीत या ओळीसाठी दिव्याचा शब्द घेतला, आणि त्यांची निवड निदान समोर होती, तिच्याशी वाद घालता आला.

माझं स्वतःचं मत विचाराल तर सुत्ताच्या अनुवादात मी ‘बेट’ लिहितो, पण एकटं नाही. ‘पुरात न बुडणारं बेट स्वतःलाच करून राहा, स्वतःचाच आसरा घ्या, दुसऱ्या कुणाचा नको’ असं करतो. ‘पुरात न बुडणारं’ हे शब्द त्या ओळीत नाहीत. ते धम्मपदाच्या गाथेतून आणलेत आणि मी तळटीपेत तसं कबूल करतो. एवढी भर घातल्याशिवाय मराठी ‘बेट’ अडकलेपणाकडे झुकतं, हा सरांचा आक्षेप मला खरा वाटतो. काही सहकाऱ्यांना ही भर जास्त वाटते. ते ‘बेट’ एवढंच ठेवून टीप देतात. तेही मला चालतं. मात्र ‘दोन्ही अर्थ एकदम अभिप्रेत आहेत, श्लेष आहे’ असं म्हणून वाद मिटवणं मला चालत नाही. श्लेष आहे म्हणणाऱ्याने पाण्याचा आणि अंधाराचा, दोन्ही धागे त्याच प्रसंगात दाखवायला हवेत. बेळुवच्या त्या संभाषणात अंधाराचा धागा मला सापडलेला नाही.

बेटाचं चांगलं रूप मुलांच्या डोळ्यांपुढे यावं म्हणून बह्याचं रामलिंग बेट आठवायला सांगा. कृष्णा दोन्ही अंगांनी वाहते आणि मध्ये देऊळ उभं आहे. सांगली जिल्ह्यातल्या बऱ्याच मुलांनी ते पाहिलेलं असतं. अडकलेलं गाव आणि प्रवाहात ठाम उभी जागा, अशी बेटाची दोन्ही चित्रं समोर आली की अनुवादकाची अडचण वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

संवादाचा शेवट मी भिंतीवरच्या ओळीने करतो, कारण वर्गात कुणीतरी तो प्रश्न विचारतंच.

सर : मग तुमच्या विहाराच्या भिंतीवरचं काय करायचं? पुसायचं?

ताई : नाही सर. त्या ओळीने आमच्या घरातली पहिली पोरगी शाळेत गेली. ती ओळ सुत्ताचा अनुवाद म्हणून तिथे नाहीच. ती आमच्या माणसांनी स्वतःला सांगितलेली गोष्ट आहे, आणि त्यांना दिवा हवा होता. मी सुत्ताचा अनुवाद करते तेव्हा मात्र मला बेळुव गावी काय म्हटलं गेलं ते सांगावं लागतं.

सर : आणि दोन्ही वाचणाऱ्या पोराने विचारलं, खरं कुठलं?

ताई : त्याला मी धम्मपद उघडून देईन. 25वी गाथा आणि 146वी गाथा, शेजारी शेजारी.

यानंतर चर्चा नको, लिखाण हवं. मुलांना धम्मपदाची 235 आणि 236 ही गाथांची जोडी द्या, छायेशिवाय. पहिलीत पिकल्या पानासारखा झालेला माणूस आहे, यमाचे दूत जवळ आलेत, निघायची वेळ झाली आणि वाटेसाठी शिदोरी नाही. दुसरीत ‘सो करोहि दीपमत्तनो’ येतं. इथे पूर नाही, अंधारही नाही, आहे तो प्रवास. रात्रीच्या वाटसरूला दिवा हवा असंही म्हणता येतं, नाव फुटलेल्याला जमीन हवी असंही. प्रत्येकाने आधी एक शब्द निवडून दोन्ही गाथांचा मराठी अनुवाद करावा, मग कोणत्या पुराव्यावर निवडला ते चार ओळींत लिहावं, आणि शेवटी वही शेजारच्याला द्यावी. शेजाऱ्याचं काम एकच : त्या चार ओळींतला पुरावा गाथेतून आला आहे, दुसऱ्या गाथेतून आणला आहे, की कुणाच्या अनुवादातून उचलला आहे, ते समासात लिहायचं. वह्या गोळा कराल तेव्हा आधी समास वाचा.